कार्ड दाखवायचं की नाही: एका संशोधन-प्रपोजलची पद्धत कशी ठरली

"मॅडम, एमएसडब्ल्यूचं शेवटचं वर्ष आहे. सिकलसेल वाहक मुलींची लग्नं हा विषय घेतलाय. गाइड म्हणतात ग्राउंडेड थिअरी घे. सीनियर म्हणते फिनॉमेनॉलॉजी सोपी पडते. मला वाटतं, माणसं कमी मिळणार आहेत तर केस स्टडीच बरी. प्रपोजलमध्ये काय लिहू?"

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत या मुलीचं फील्डवर्क झालं होतं. प्रपोजल बाजूला ठेवून मी तिची फील्डवर्कची वही मागितली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वहीत एका आईचं बोलणं टिपलेलं होतं: "पावणे येयाच्या आधी कार्ड दाखवाचं का, हे मामाले विचारलं. तो म्हने, पसंती होऊ दे, मंग पाहू."

विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी माहीत आहे. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्न ठरवताना तपासणीचं कार्ड महत्त्वाचं ठरतं, आणि म्हणूनच ते लपवलंही जातं.

मी तिला विचारलं, "या आईचं बोलणं तुला अभ्यासात हवंय का?" ती लगेच म्हणाली, "हो, तेच तर हवंय."

तिथेच फिनॉमेनॉलॉजी बाजूला पडली. त्या पद्धतीत अनुभव ज्याने स्वतः जगला तोच बोलतो. 'मी वाहक आहे' हे मनात ठेवून पाहुण्यांसमोर बसणं म्हणजे काय, हा तिचा प्रश्न असता, तर पाच-सहा मुलींशी सावकाश, खोलवर बोलून उत्तम काम झालं असतं. पण मग आई आणि मामा दोघंही बाहेर राहतात. तिला जाणून घ्यायचं होतं ते वेगळंच: सांगायचं की नाही हे कोण ठरवतं, कधी ठरवतं आणि कशामुळे निर्णय फिरतो. ही घडत जाणारी प्रक्रिया आहे.

केस स्टडीबद्दलचा तिचा समज मला बऱ्याच विद्यार्थ्यांत दिसतो. माणसं कमी म्हणून केस स्टडी होत नाही. तिला एक आखलेली हद्द लागते, समजा एखादं सिकलसेल समुपदेशन केंद्र, आणि तिथली नोंदवही, निरीक्षण, कर्मचारी, कुटुंबं असे अनेक स्रोत एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. तिच्याकडे कुठल्याच केंद्राच्या नोंदी पाहायची परवानगी नव्हती.

उरली ग्राउंडेड थिअरी, म्हणजे लोकांच्या बोलण्यातूनच एखाद्या प्रक्रियेचं स्पष्टीकरण उभं करायची पद्धत, आणि ती इथे नेमकी बसत होती. ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये ही पद्धत मांडली, त्यामागे रुग्णालयातल्या मरणासन्न रुग्णांवरचं त्यांचं काम होतं: मृत्यू जवळ आल्याचं कोणाला ठाऊक आहे आणि कोण कोणापासून लपवतंय. हिचा प्रश्न त्याच जातकुळीतला.

मात्र तिच्या वेळापत्रकात लिहिलं होतं: नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बारा मुलाखती, जानेवारीत विश्लेषण. एवढ्या एका ओळीवरून परीक्षक ओळखतो की ग्राउंडेड थिअरी फक्त शीर्षकात आहे. या पद्धतीत मुलाखत आणि विश्लेषण हातात हात घालून चालतात. पहिल्या दोन-तीन मुलाखती झाल्या की उतरवून कोडिंग करायचं, म्हणजे बोलण्यातल्या एकेका मुद्द्याला नाव द्यायचं, आणि त्यातून जे निघेल त्यावरून पुढचा माणूस निवडायचा. मामाच निर्णय घेतो असं दिसलं, तर पुढची मुलाखत एखाद्या मामाची. मग जिथे पाहुण्यांना आधीच सांगून टाकलं असं घर मुद्दाम शोधायचं आणि तुलना करायची. याला वेळ लागतो. तासाभराचं वऱ्हाडी बोलणं नीट उतरवायलाच पाच-सहा तास सहज जातात.

दुसरी अडचण एथिक्स कमिटीची. कमिटीला आधीच आकडा आणि प्रश्नावली हवी असते, आणि इथे तर दोन्ही बदलत जाणार. म्हणून आम्ही लिहिलं: वाहक स्त्रिया, त्यांचे पालक आणि लग्न जुळवणारे नातेवाईक, मिळून जास्तीत जास्त पंधरा; निवड टप्प्याटप्प्याने; सुरुवातीचे प्रश्न सोबत जोडले आहेत, मोठा बदल झाल्यास कमिटीला कळवून मंजुरी घेऊ. वहीतलं त्या आईचं बोलणं मात्र डेटा म्हणून घ्यायचं नाही, हे मी तिला बजावलं. ते संशोधनासाठीच्या संमतीशिवाय टिपलेलं होतं. त्यावरून प्रश्न सुचला, तेवढाच त्याचा उपयोग.

एका सत्रात संपृक्तता गाठू, असं वचन मी तिला देऊ दिलं नाही. नवीन मुलाखतीतून विचाराला नवं काही मिळेनासं होणं, ही अवस्था पंधरा माणसांत येईलच असं नाही. तिने 'या वस्तीपुरतं प्राथमिक स्पष्टीकरण' असं लिहिलं, आणि वेळापत्रकात प्रत्येक तीन मुलाखतींनंतर दोन आठवडे कोडिंगसाठी मोकळे ठेवले. गाइडनी त्या कोडिंगच्या आठवड्यांवरच पहिली खूण केली आणि विचारलं, "तिसऱ्या मुलाखतीनंतर कोणाकडे जाणार, हे कशावरून ठरवशील?" तिच्याकडे उत्तर तयार होतं.