ट्रिगर 412 चा, माल गेला 400 ला: स्टॉपलॉसवरची तुमची प्रश्नोत्तरे

प्रश्न: सर, मी ब्रोकरला केलेला मेल खाली देतोय. "माझे एका मिडकॅप कंपनीचे 500 शेअर होते, एसएल-एम ऑर्डर लावली होती, ट्रिगर 412. दुपारी रिझल्ट आले आणि माल सरासरी 400.21 ला विकला गेला. मी 412 सांगितलं होतं, मग जवळजवळ 5,900 रुपयांचा फरक कोण भरणार?" उत्तर एका ओळीत आलं, "बाजारभावाने ऑर्डर पूर्ण झाली आहे." हे पटत नाहीये. (सांगली)

तुमचा राग समजतो, पण मेलमधलं "मी 412 सांगितलं होतं" हे वाक्य तुमची बाजू कमकुवत करतं, कारण एसएल-एममध्ये, म्हणजे स्टॉपलॉस-मार्केट ऑर्डरमध्ये, तुम्ही विकायचा भाव सांगतच नाही. 412 हा फक्त ऑर्डर जागी व्हायचा भाव. शेवटचा सौदा म्हणजे एलटीपी 412 ला किंवा त्याखाली झाला की एक्स्चेंज तुमची ऑर्डर बाजारात सोडतं आणि त्या क्षणापासून ती साधी मार्केट ऑर्डर असते, समोर जो खरेदीदार उभा असेल त्याला माल जातो.

आता तुमच्या कॉन्ट्रॅक्ट नोटमधले पाच सौदे एकाखाली एक ठेवून बघा. 411.20 ला 60 शेअर गेले, 409 ला 40, 405 ला 100, 398.50 ला 150 आणि 392 ला 150. बेरीज 2,00,107 रुपये, भागिले 500, म्हणजे 400.21. पहिला सौदा ट्रिगरपासून रुपयाभरसुद्धा लांब नाहीये, म्हणजे ट्रिगर वेळेवर लागला. घोळ पुढे झालाय, 405 च्या खाली साडेसहा रुपये कोणीच उभं नव्हतं आणि तुमचे निम्म्याहून जास्त शेअर अजून विकायचे बाकी होते. रिझल्टच्या वेळी असंच होतं, ज्यांच्या खरेदीच्या ऑर्डरी लागलेल्या असतात ते बातमी दिसताच त्या काढून घेतात आणि एरवी भरलेली दिसणारी डेप्थ, म्हणजे समोर लागलेल्या ऑर्डरींची यादी, दोन सेकंदांत रिकामी होते. पाचही सौद्यांची वेळ एकाच सेकंदातली असेल तर ब्रोकरचं उत्तर तुटक आहे, चुकीचं नाहीये.

पण तुम्ही चुकीचा प्रश्न विचारलात म्हणून ब्रोकर सुटला असंही नाही. पैसे कोण भरणार हे नंतर, आधी मेलमध्ये माहिती मागा: ऑर्डर एक्स्चेंजकडे एसएल-एम म्हणूनच गेली होती का आणि किती वाजता, एक्स्चेंजचा ऑर्डर नंबर काय, ट्रिगर किती वाजून किती सेकंदांनी लागला, प्रत्येक सौद्याचा नंबर आणि वेळ काय, आणि ट्रिगर एक्स्चेंजच्या सिस्टिममध्ये होता की ब्रोकरच्या सर्व्हरवर. या शेवटच्या प्रश्नात खरं मर्म आहे. नेहमीची एसएल ऑर्डर एक्स्चेंजकडेच झोपलेली असते, त्यामुळे ट्रिगर लागणं आणि बाजारात येणं यात सेकंदाचा बारीकसा तुकडाच जातो. जीटीटी, म्हणजे ट्रिगर लागेपर्यंत बरेच दिवस थांबणारी ऑर्डर, आणि काही ॲपमधले भावामागे आपोआप सरकणारे ट्रेलिंग स्टॉपलॉस मात्र ब्रोकरच्या सर्व्हरवर असतात, तिथे भाव ब्रोकर बघतो आणि मग नवी ऑर्डर एक्स्चेंजला पाठवतो. या दोन पायऱ्यांच्या मधे तीन-चार सेकंद गेले असतील आणि तेवढ्यात 411, 410 ला इतरांचे भरपूर सौदे झालेले दिसत असतील, तर तिथे तुमची तक्रार उभी राहते. कारण एक्स्चेंजमध्ये आधी भाव आणि मग वेळ असा क्रम असतो, तुमची मार्केट ऑर्डर खरंच आत असती तर ते 411 चे खरेदीदार तुम्हालाच मिळाले असते.

प्रश्न: माझ्या ॲपच्या चार्टवर त्या मिनिटाचा लो 396 आहे आणि माझा शेवटचा सौदा 392 चा. जो भाव चार्टवर झालाच नाही तिथे माझा माल कसा गेला? ग्रुपवर सगळे म्हणतात की ब्रोकर स्टॉपलॉस बघून मुद्दाम भाव खाली आणतात. (नाशिक)

आधी कॉन्ट्रॅक्ट नोटवर बघा सौदा एनएसईचा आहे की बीएसईचा. ऑर्डर एका एक्स्चेंजवर आणि चार्ट दुसऱ्याचा, हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं, आणि कमी उलाढालीच्या शेअरमध्ये दोन्हीकडच्या भावात अशा क्षणी चार-पाच रुपयांचा फरक सहज पडतो.

एक्स्चेंज तेच असेल तर दुसरी शक्यता. ॲपला प्रत्येक सौदा मिळत नाही, सेकंदातून काही वेळा भावाचा फोटो काढल्यासारखी माहिती येते आणि त्यातून मिनिटाची कॅण्डल बनते, मग दोन फोटोंच्या मधे 392 ला एखादा सौदा होऊन भाव परत वर गेला तर कॅण्डलमध्ये तो दिसणारच नाही. म्हणून चार्टचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून फार टिकत नाही. संध्याकाळी एक्स्चेंजच्या साइटवर भावकॉपी, म्हणजे त्या दिवसाच्या भावांची फाइल, येते त्यात दिवसाचा लो बघा, आणि एनएसईच्या साइटवर ट्रेड व्हेरिफिकेशनची सोय आहे तिथे तुमचा सौदा नंबर टाकून तपासा. ही सोय थोडेच दिवस मागचं दाखवते, शेवटचे 5 ट्रेडिंग दिवस, त्यामुळे महिनाभर मेलामेली करून मग तिकडे गेलात तर काही सापडणार नाही. तुमचा भाव एक्स्चेंजच्या त्या दिवसाच्या लोपेक्षाही खाली असेल किंवा सौदा नंबर सापडतच नसेल तर प्रकरण गंभीर आहे, त्याच दिवशी लेखी तक्रार करा.

मुद्दाम भाव आणण्याबद्दल एवढंच सांगतो की ट्रिगर न लागलेल्या एसएल ऑर्डरी मार्केट डेप्थमध्ये कोणालाच दिसत नाहीत. तुमचा ब्रोकर स्वतःच्या ग्राहकांच्या बघू शकतो, पण लिक्विड शेअर पाडायला जेवढा माल ओतावा लागतो त्यापुढे एखाद्याच्या 500 शेअरचं मोल काहीच नाही. आणि लोक स्टॉपलॉस लावतात 400, 450 असल्या गोल आकड्यांच्या किंवा कालच्या लोच्या जरा खाली, त्यामुळे तिथे भाव आला की एकदम ढीगभर मार्केट ऑर्डरी जाग्या होतात आणि एकीने पाडलेल्या भावावर दुसरीचा ट्रिगर लागतो. 5 ऑक्टोबर 2012 ला एका ब्रोकरकडून 650 कोटींहून जास्त किमतीच्या चुकीच्या ऑर्डरी गेल्या आणि निफ्टी काही क्षणांत 900 च्या आसपास अंकांनी कोसळला, तेव्हा असंच झालं. भाव लगेच वर आला, पण ज्यांचे स्टॉपलॉस खाली कापले गेले त्यांचा माल गेला तो गेलाच.

प्रश्न: मी उलट्या प्रॉब्लेममध्ये आहे. निफ्टीचा कॉल 60 ला विकला होता, ॲपमध्ये ऑप्शनला एसएल-एम येतच नाही म्हणून एसएल लावला, ट्रिगर 90 लिमिट 91. भाव 88 वरून थेट 97 ला गेला, ऑर्डर पेंडिंगच राहिली आणि शेवटी हाताने 140 ला सोडवला. मग लिमिट ठेवायची तरी किती? (पुणे)

एनएसईने 27 सप्टेंबर 2021 पासून ऑप्शन्समध्ये एसएल-एम बंद केलं. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये निफ्टीच्या एका कॉलचा भाव क्षणात कित्येक पट उडून परत खाली आला होता आणि ज्यांनी तो कॉल विकलेला होता त्यांचे एसएल-एम त्या उडालेल्या भावाला भरले गेले. बीएसईनेही ऑक्टोबर 2023 मध्ये एसएल-एम बंद केलं. म्हणजे आता ऑप्शनमध्ये किती वाईट भाव चालेल ते तुम्हालाच आकड्यात सांगावं लागतं, आणि तुम्ही सांगितलंत एक रुपया. एवढ्यात वेगवान बाजारात कोणी सापडत नाही.

याला एकच बरोबर आकडा नाहीये. वरच्या सांगलीच्या वाचकांचीच ऑर्डर घ्या, त्यांनी एसएल-एमऐवजी एसएल लावून लिमिट 405 ठेवली असती तर 200 शेअर सरासरी 407.66 ला गेले असते आणि 300 शेअर 405 ला लटकले असते. भाव लगेच 410 ला परतला तर तेच 300 सुद्धा 405 ला निघाले असते आणि सगळं छान वाटलं असतं, 370 ला गेला असता तर एसएल-एमपेक्षा मोठं नुकसान. लिमिटने भावाची खात्री मिळते, सुटकेची मिळत नाही.

तुमच्यासारख्या विकलेल्या ऑप्शनमध्ये मात्र न सुटण्याची किंमत जास्त मोठी असते, त्यामुळे मी लिमिट मोकळी ठेवीन. 90 च्या ट्रिगरला 110 ते 115. लिमिट 110 ठेवली म्हणून 110 ला भरतं असं नाही, समोर 91 चा विकणारा असेल तर 91 लाच भरतं. पण मग कधीतरी 108 ला भरलं तर ब्रोकरला मेल करून उपयोग नाही, ती परवानगी तुम्हीच दिलेली असेल. खूपच लांबची लिमिट टाकलीत तर एक्स्चेंजच्या ठरलेल्या रेंजबाहेर गेल्यामुळे ऑर्डर रिजेक्टही होऊ शकते, म्हणून लावल्यावर ती स्वीकारली गेली का ते ऑर्डर बुकमध्ये बघा. आणि महिना लांबच्या किंवा फार दूरच्या स्ट्राइकमध्ये, जिथे खरेदी-विक्रीच्या भावातच 8-10 रुपयांचं अंतर असतं, तिथे एलटीपीवर चालणाऱ्या स्टॉपलॉसच्या भरवशावर ऑप्शन विकूच नका असं माझं स्पष्ट मत आहे, कारण कोणीतरी एक लॉट वेड्या भावाला उचलला तरी तुमचा ट्रिगर लागतो.

प्रश्न: रात्री वाईट बातमी आली. माझा जीटीटी 850 ट्रिगर, 845 लिमिट असा होता, शेअर उघडलाच 790 ला. ऑर्डर गेली पण विकलं नाही. ब्रोकर जबाबदार? (कोल्हापूर)

नाही. उघडल्याबरोबर ट्रिगर लागला, 845 ची विक्री ऑर्डर गेली आणि 790 च्या बाजारात 845 ला कोण घेणार. मधल्या 60 रुपयांत सौदाच झालेला नाही, तिथे कुठलाच स्टॉपलॉस चालत नाही. जीटीटी फुटल्यावर ती लिमिट ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, संध्याकाळी रद्द होते, तर उद्यासाठी नवीन लावावी लागेल हे लक्षात असू द्या.

प्रश्न: माझ्या केसमध्ये लॉगमध्ये खरंच 6 सेकंदांचा उशीर दिसतोय, ब्रोकर म्हणतो "टेक्निकल कारण". सौदा रद्द करून मिळेल का, आणि पुढे कुठे जाऊ? (ठाणे)

सौदा रद्द व्हायची आशा सोडा. त्यासाठी अर्ज ब्रोकरने करायचा असतो, सौदा झाल्यापासून 30 मिनिटांच्या आत, मोठी फी भरून, आणि तरीही एक्स्चेंज क्वचितच मान्य करतं, 2012 च्या त्या प्रकरणातही ब्रोकरचा अर्ज फेटाळलाच होता. तुम्ही भरपाई मागा, आणि तीसुद्धा ट्रिगरच्याच भावाला का नाही विकलं अशी नाही. ऑर्डर 6 सेकंद आधी पोचली असती तर त्या वेळी झालेल्या सौद्यांच्या भावाने किती मिळाले असते आणि प्रत्यक्षात किती मिळाले, एवढाच फरक मागा. हा आकडा छोटा निघतो पण त्याला पुरावा असतो.

पहिला मेल ब्रोकरच्या तक्रारीसाठीच्या पत्त्यावर आणि प्रत कंप्लायन्स ऑफिसरला, दोन्ही पत्ते कॉन्ट्रॅक्ट नोटवर किंवा साइटवर असतात. सपोर्ट चॅटवरचं बोलणं यात धरू नका. उत्तर पटलं नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर टाका, तिथे ब्रोकरला 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तिथेही नाही जमलं तर स्मार्ट ओडीआर पोर्टलवर आधी समेट आणि मग लवाद असा रस्ता आहे. सगळीकडे तेच चार कागद जोडा: ऑर्डरचा लॉग, कॉन्ट्रॅक्ट नोट, ट्रेड व्हेरिफिकेशनचं पान आणि ब्रोकरचा तो "टेक्निकल कारण" वाला मेल. तो शेवटचा जपून ठेवा, कारण उशीर झाला हे ब्रोकरने स्वतः लेखी मान्य केलेलं तुमच्याकडे तेवढंच आहे.