१०० केएलडीच्या खर्चावरून ४०० केएलडीच्या एसटीपीचा अंदाज कसा काढायचा?

प्रश्न: आमचं एसटीपी बनवायचं छोटं युनिट आहे. १०० केएलडीचे चार एमबीबीआर प्लांट केले, चौथा २०२२ मध्ये. त्याला आमचा खर्च ३० लाख आला (टाक्यांचं सिव्हिल काम बिल्डरकडे होतं). आता ४०० केएलडीच्या एकाच प्लांटची इन्क्वायरी आली आहे. भागीदार म्हणतो चौपट धरा, कन्सल्टंट म्हणतो ०.६ चा नियम लावा. बजेटरी आकडा कशाने काढू?

उत्तर:

चौपट धरलं तर १२० लाख होतात आणि ऑर्डर हातची जाते. नुसतं ०.६ लावलं तर ६९ लाख येतात आणि ऑर्डर मिळूनही घाटा होऊ शकतो. माझ्या हिशेबाने तुमचा खर्च ८५ लाखांच्या आसपास जाईल. तो कसा येतो ते सांगतो. तुमची वही माझ्यासमोर नाही, त्यामुळे खालची फोड उदाहरणादाखल धरली आहे. तिथे तुमचे आकडे घाला.

सूत्र साधं आहे:

```
C2 = C1 * (Q2/Q1)^n
```

C1 हा जुना खर्च, Q1 आणि Q2 या जुनी-नवी क्षमता, n हा घातांक. क्षमता चौपट झाली की n = ०.६ ला खर्च २.३० पट होतो, ०.७ ला २.६४ पट आणि ०.८ ला ३.०३ पट. म्हणजे ३० लाखांच्या पायावर फक्त घातांकाच्या निवडीने २२ लाखांचा फरक पडतो. म्हणून सगळी मेहनत घातांकावर आणि पायाच्या आकड्यावर करायची.

आधी पायाचा आकडा साफ करा. घातांक खर्चाला लावायचा, विक्रीच्या किमतीला नाही. जुन्या ऑर्डरीत मार्जिन कमी घेतलं असेल तर ती तूट सूत्रात शिरून मोठी होते. जीएसटी बाहेर काढा. त्या एका साइटपुरता जो खर्च झाला तोही काढा: बेसमेंटला रॅम्प नव्हता म्हणून हायड्रा दोनदा बोलवावी लागली, पाइप चुकीच्या उंचीवर निघाला म्हणून काम पुन्हा केलं, असं सगळं. हे २ लाख निघाले असं धरू. राहिले २८ लाख, पण २०२२ च्या भावाने. ब्लोअर, मीडिया, एमएस प्लेट आणि केबल यांची तेव्हाची बिलं काढून आजच्या भावाशी ताडा आणि खर्चातल्या वाट्यानुसार सरासरी काढा. घाऊक किंमत निर्देशांक जोडीला पाहायला हरकत नाही, पण तुमच्या वस्तूंचे खरे भाव हातात असताना तोच मुख्य आधार करू नका. परदेशी प्लांट-खर्चाचे निर्देशांक रुपयातल्या खर्चाला लावूच नका. वाढ १४ टक्के निघाली असं धरलं तर २८ चे जवळपास ३२ लाख होतात. इथून पुढे पाया ३२ लाख.

आता घातांक. ०.६ हा आकडा १९४७ पासून रासायनिक प्लांटसाठी चालत आला आहे. त्याच्या मागचं एक सोपं कारण असं: टाकी सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात मोठी केली तर घनफळ लांबीच्या घनाने वाढतं आणि पत्रा लांबीच्या वर्गाने, म्हणून पत्र्याचा खर्च क्षमतेच्या सुमारे ०.६७ व्या घाताने वाढतो. पण तुमचा प्लांट म्हणजे नुसता पत्रा नाही. मीडिया क्षमतेच्या प्रमाणात लागतो, चौपटला चौपट, म्हणजे घातांक १. पॅनेल जेमतेम वाढतं, कारण फीडरची संख्या तीच राहते आणि फक्त स्टार्टर-केबल मोठ्या होतात. म्हणून ३२ लाखांची फोड करून प्रत्येक तुकड्याला त्याचा घातांक लावा.

माझी फोड अशी: मीडिया, डिफ्युझर आणि ट्यूब डेक ४ लाख, घातांक १, होतात १६. ब्लोअर आणि पंप ७ लाख, ०.६ ने १६.१. सँड फिल्टर, कार्बन फिल्टर आणि पाइपिंग ८ लाख, ०.७ ने २१.१. पॅनेल, केबल, इन्स्ट्रुमेंट ५ लाख, ०.४ ने ८.७. फिल्टर प्रेस आणि डोसिंग ३ लाख, ०.६ ने ६.९. मजुरी, इरेक्शन, कमिशनिंग ५ लाख, ०.६ ने ११.५. बेरीज ८०.३ लाख. सगळ्या प्लांटचा मिळून घातांक पडतो ०.६६.

हे घातांक तक्त्यातून उचलण्यापेक्षा स्वतः काढलेले बरे. ब्लोअरवाल्याकडून एकाच मालिकेतल्या दोन आकारांचं कोटेशन मागवा. समजा १५० घनमीटर प्रति तासाचा १.१ लाखाला आणि ६०० चा २.६ लाखाला मिळतोय, तर एक्सेलमध्ये:

```
=LN(2.6/1.1)/LN(600/150)
```

उत्तर ०.६२. दहा मिनिटांचं काम आहे आणि तुमच्या पुरवठादारापुरतं ते कुठल्याही छापील तक्त्यापेक्षा खरं आहे.

फिल्टरचा घातांक तर ड्रॉइंगवरूनच काढता येतो. १०० केएलडी २० तासांत गाळायचे तर ५ घनमीटर प्रति तास. १२ मीटर प्रति तास वेग धरला की ०.४२ चौरस मीटर क्षेत्र लागतं, म्हणजे ७५० मिमी व्यास. ४०० केएलडीला २० घनमीटर प्रति तास, १.६७ चौरस मीटर, म्हणजे १५०० मिमी. व्यास दुप्पट झाला, पण वाळूच्या थराची खोली तीच, म्हणून शेलची उंची १.५ मीटरच राहते. शेलचा पत्रा ३.५ वरून ७.१ चौरस मीटर होतो, म्हणजे दुप्पट. दोन्ही डिश मिळून सुमारे १ वरून ३.९ होतात, म्हणजे चौपट. एकूण ४.५ चे ११ चौरस मीटर. या कमी दाबाला दोन्ही आकारांत ६ मिमी प्लेट पुरते, म्हणून वजन सुमारे २१० किलोवरून ५२० किलोवर जातं आणि घातांक निघतो ०.६४. आत भरायची वाळू मात्र चौपट. दोन्ही मिळून ०.७ योग्य वाटतो. दाब इतका असता की व्यासाबरोबर जाडीही वाढवावी लागली असती, तर घातांक १ कडे सरकला असता. त्यामुळे प्लेटची जाडी बदलते का, हे मी सर्वात आधी पाहतो.

सूत्र सगळ्यात जास्त फसतं ते यंत्रांची संख्या बदलते तिथे. १५०० मिमीचा फिल्टर १२०० मिमीच्या दारातून आत जाणार नाही. बिल्डरने स्लॅब टाकून झाल्यावर हे कळलं तर २०० केएलडीचे फिल्टर जोडीने लावावे लागतात. मग हिशेब ४ चा ०.७ वा घात राहत नाही, तो २ गुणिले २ चा ०.७ वा घात होतो, म्हणजे २.६४ ऐवजी ३.२५ पट. ८ लाखांचे २१ च्या जागी २६ होतात. एका दारामुळे ५ लाख गेले. ब्लोअरचं उलट आहे. एक चालू, एक राखीव असे दोन मोठे घेतले तर जुन्या एका ब्लोअरच्या ४.५९ पट खर्च येतो. निम्म्या क्षमतेचे तीन घेतले (दोन चालू, एक राखीव) तर ४.५५ पट. खर्च जवळपास सारखा, आणि रात्री पाणी कमी आलं की एक बंद ठेवता येतो. मी तीनच घेईन.

आता एकाच ऑर्डरचा मुद्दा. तुमचे ३० लाख हे चौथ्या प्लांटचे आहेत. ड्रॉइंग तयार होती, फिटरला प्रत्येक फ्लँज कुठे येतो हे पाठ होतं. नव्या आकारात हे सगळं पहिल्यापासून, आणि पुढे तसा दुसरा प्लांट नसल्याने तो भार वाटून घ्यायला कोणी नाही. सूत्र फक्त आकार पाहतं, हे त्याला दिसत नाही. नव्या डिझाइनचे आणि ड्रॉइंगचे २ लाख वेगळे धरा. मजुरीसाठी असा हिशेब करा: काम दुप्पट वेळा केलं की तास १० टक्क्यांनी कमी होतात असं धरलं, तर चौथ्या प्लांटला पहिल्याच्या ०.८१ पट तास लागले. आता तुम्ही पुन्हा पहिल्यावर आलात, म्हणून ११.५ लाखांची मजुरी ०.८१ ने भागा, १४.२ होतात, वाढ २.७ लाख. ८०.३ अधिक २ अधिक २.७, झाले ८५.

आकडा देण्याआधी इनलेट बीओडी विचारा. केएलडी म्हणजे फक्त पाण्याचं माप. मीडिया आणि हवा लागते ती बीओडीच्या किलोंना. जुन्या सोसायटीचं पाणी २५० मिलिग्रॅम प्रति लिटरचं होतं आणि नव्या जागी मोठं कँटीन असल्याने ४०० येणार असेल, तर या दोन तुकड्यांपुरतं गुणोत्तर ४ नाही, ६.४ आहे. एकट्या मीडियाच्या तुकड्यातच १६ च्या जागी २५.६ लाख लागतील. प्लांट चालू झाल्यावर हे लक्षात आलं तर आउटलेटचा रिपोर्ट पास होत नाही आणि मीडिया पदरच्या पैशाने भरावा लागतो.

या पद्धतीच्या आकड्याला मी वर ३० टक्के आणि खाली २० टक्के मोकळीक ठेवतो, आणि क्षमता पाचपटीच्या पुढे गेली तर ही पद्धत वापरतच नाही. तुम्ही चारपटीवर आहात, म्हणजे काठाजवळ. तेव्हा ८५ वर तुमचं मार्जिन चढवून बजेटरी ऑफर म्हणून पाठवा. त्यात धरलेला बीओडी, सिव्हिल काम कोणाचं आणि फिल्टर आत न्यायला लागणारी मोकळी जागा (१५०० मिमीच्या फिल्टरला किमान १८०० मिमी) स्पष्ट लिहा. फर्म ऑफर मागितली की मीडिया, ब्लोअर-पंप आणि फिल्टर यांची खरी कोटेशनं घ्या. या तीन तुकड्यांतच ८५ पैकी ५३ लाख आहेत.