बाबांना यूपीआय शिकवणारा मेसेज

प्रश्न: बाबांना यूपीआयने पैसे द्यायला आणि व्हिडिओ कॉल करायला शिकवायचंय. व्हॉट्सॲपवर थोडक्यात स्टेप्स कशा लिहून पाठवू?

आधी त्यांचा फोन हातात घ्या, मग लिहा. आमच्या दादाने आईसाठी स्वतःच्या फोनवर व्हिडिओ बनवला होता. त्याचं ॲप इंग्रजीत, तिचं मराठीत. तो सांगतोय ते बटण तिच्याकडे त्या नावाने नाहीच. चार दिवस तिने खटपट केली आणि दादाने निकाल देऊन टाकला, "आईला नाही झेपायचं, मी आहे ना." हे वाक्य आमच्या घरात टीव्हीच्या रिमोटपासून बँकेच्या पासबुकापर्यंत सगळीकडे वापरून झालंय.

मी कराडला गेले तेव्हा तिच्या शेजारी बसून नुसतं बघितलं. अडत होतं दोनच ठिकाणी. एक, ती ॲपच्या चित्रावर बोट दाबून धरायची, दारावरची बेल वाजवावी तसं. तसं धरलं की ॲप उघडत नाही, भलतीच यादी उघडते नाहीतर चित्र जागचं हलतं. दुसरं, पिनचे आकडे टाकून ती वाट बघत बसायची. फोनचं कुलूप आकडे पुरे झाले की आपोआप उघडतं, मग इथे का नाही? इथे खालची बरोबरची खूण दाबावी लागते. दादाच्या व्हिडिओत त्याचं बोट तिथून इतकं झरकन गेलं होतं की दिसलंच नाही.

मग मी लिहिलं ते असं:

१. ॲपच्या चित्राला हलकंच बोट लाव आणि लगेच उचल.
२. स्कॅनरच्या चौकोनाला बोट लाव, कॅमेरा सुरू होईल. वाण्याच्या पाटीवरचा काळा-पांढरा चौकोन त्यात दिसू दे.
३. नाव येईल. ते वाण्याला वाचून दाखव. तो हो म्हणाला की पुढे.
४. रक्कम टाक, मोठ्याने वाच. ८५ चे ८५०  झाले नाहीत ना? मग खालचं बटण.
५. पिन टाक. नंतर खाली उजवीकडची ✓ खूण दाब.
६. 'पैसे गेले' असं आलं की झालं. चक्र फिरतच राहिलं तर पुन्हा पाठवू नकोस.

प्रत्येक ओळीत बोट कुठे लावायचं आणि मग काय दिसेल, एवढंच हवं. यूपीआय म्हणजे काय, क्यूआर म्हणजे काय, हे त्यात घालू नका.

सहावी ओळ मात्र गाळू नका. आईच्या बाबतीत दुसऱ्याच आठवड्यात चक्र फिरत राहिलं. मागे रांग, वाणी म्हणतो, "काकू, परत मारा की." ती म्हणाली, "लेकीनं नको म्हणलंय," आणि रोख देऊन आली. संध्याकाळी तो व्यवहार फेल दिसला, खात्यातून काही गेलं नव्हतं. कधीकधी पैसे कापले जातात आणि दुकानदाराला पोचत नाहीत. ते रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. तिने परत मारलं असतं आणि दोन्ही गेले असते, तर मात्र वाण्याशी हुज्जत घालत बसावं लागलं असतं.

आता दादाचं नवीन टुमणं यूपीआय सर्कलचं. त्यातला त्याला हवा तो प्रकार असा, की आईने स्कॅन करायचं आणि पैसे याच्या खात्यातून, दर वेळी याने मंजूर केल्यावर जायचे. म्हणजे हा पुण्यात मीटिंगमध्ये आणि ती कोथिंबिरीची जुडी धरून उभी. ज्यांचा हात थरथरतो, विसरायला होतं, त्यांच्यासाठी ती सोय चांगलीच आहे. आईला तिची गरज नाही. पेन्शन तिची आहे, पिनही तिचाच राहील.

फसवणुकीची भीती अगदीच खोटी नाही, हेही कबूल. म्हणून पेन्शनचं खातं ॲपला जोडलंच नाही. वेगळ्या खात्यात दोन-तीन हजार ठेवतो, तेवढंच जोडलंय. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे बाबांना तोंडी, चार वेळा सांगा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन.

व्हिडिओ कॉलसाठी मेसेज नकोच. तुम्ही लावा, त्यांना उचलायला शिकवा, बाकी आपोआप येईल.

आणि पैशांच्या स्टेप्स व्हॉट्सॲपवर पाठवल्यात तर प्रत्येक ओळीसाठी ॲपमधून बाहेर यावं लागतं, तिथेच माणूस हरवतो. त्यापेक्षा पुठ्ठ्यावर जाड पेनाने लिहून पाकिटात द्या. पिन तेवढा त्यावर लिहू नका.