१ ऑगस्टला तुझं वय किती?

अनेक आशीर्वाद.

जन्म २० जुलै १९९३ चा, मग बत्तिसावं धरायचं की तेहतिसावं, असं तू विचारलं आहेस. त्या भानगडीत पडूच नकोस. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेसाठी वय अर्ज भरताना किंवा पूर्व परीक्षेच्या दिवशी मोजत नाहीत. परीक्षेच्या वर्षातल्या १ ऑगस्टला मोजतात.

यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या जाहिरातीत वयाबरोबर जन्मतारखाही छापल्या आहेत: २ ऑगस्ट १९९३ च्या आधीचा जन्म नको आणि १ ऑगस्ट २००४ च्या नंतरचा नको. एका टोकाला २ आणि दुसऱ्या टोकाला १ का, हे नीट समजून घे. २१ वर्षं पूर्ण झालेली हवीत, म्हणून १ ऑगस्ट २००४ ला जन्मलेला चालतो. ३२ मात्र पूर्ण झालेली नकोत. १ ऑगस्ट १९९३ ला जन्मलेल्याला त्याच दिवशी ३२ पूर्ण होतात, म्हणून तो एका दिवसाने बाद. ‘३२ पर्यंत’ म्हणजे बत्तिसावं वर्ष संपेपर्यंत. पुढचं अख्खं वर्ष त्यात धरणारे इथेच फसतात.

तू १ ऑगस्ट २०२५ ला ३२ वर्षं १२ दिवसांचा असशील. खुल्या प्रवर्गातून दार बंद. सवलतीने फक्त जुनी तारीख मागे सरकते: ओबीसींना ३ वर्षं, म्हणजे २ ऑगस्ट १९९०, अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षं, म्हणजे २ ऑगस्ट १९८८. दिव्यांगांना १० वर्षं मिळतात आणि ती प्रवर्गाच्या सवलतीत मिळवतात, म्हणून ओबीसी दिव्यांगाला १३. किमान २१ ची अट कुणालाच सैल होत नाही.

आता तुझी खरी अडचण. तुझ्याकडे दाखला आहे तो राज्याच्या एसईबीसी प्रवर्गाचा. राज्याच्या भरतीत तो चालतो, यूपीएससीत नाही. तिथे जात केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते, आणि नॉन-क्रीमी लेयर दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला लागतो. ईडब्ल्यूएसचा विचार करत असशील, तर तिथे जागा राखीव आहेत, पण वयाची सवलत नाही. त्यामुळे या दाखल्यावर यंदाचा अर्ज भरू नकोस. सांगताना वाईट वाटतं, पण मुलाखतीपर्यंत जाऊन कागद तपासताना हे कळणं फार वाईट.

राज्यसेवेचं दार तुझ्यासाठी मोकळं आहे. तिथे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ची मर्यादा आहे. मात्र तिथला दिनांक १ ऑगस्ट धरू नकोस, त्या त्या जाहिरातीत दिलेलाच बघ. आणि जन्मतारीख आधारवरची नाही, दहावीच्या प्रमाणपत्रावरची घे. दोन्हींत फरक असेल तर अर्जाआधी मला कळव.