अर्जुनाच्या तोंडी 'तू' कधी यावे?

प्रश्न: महाभारतातले संवाद मराठीत आणताना 'त्वम्'साठी सरसकट 'तू' लिहावे का? मूळ ग्रंथात धाकटे मोठ्यांनाही 'त्वम्' म्हणताना दिसतात. मग धर्मराजाला 'तुम्ही' किंवा 'आपण' म्हणायला लावणे ही अनुवादकाची पदरची भर ठरत नाही का?

उत्तर:

सरसकट 'तू' लिहू नये, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण मी कर्णपर्वातल्या एका प्रसंगावरून सांगतो, कारण या प्रश्नाची खरी परीक्षा तिथेच होते.

युद्धाचा सतरावा दिवस आहे. कर्णाच्या बाणांनी जखमी झालेला युधिष्ठिर छावणीत बिछान्यावर पडला आहे. अर्जुन भेटायला येतो, तेव्हा कर्णाला मारूनच तो आला असावा असे युधिष्ठिराला वाटते. तसे झालेले नाही हे कळल्यावर तो संतापतो आणि गांडीव दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक, असे बोलून जातो. जो असे म्हणेल त्याचे डोके उडवायचे, हे अर्जुनाचे गुप्त व्रत असते, त्यामुळे तो तलवार उपसतो. कृष्ण त्याला अडवतो, सत्य कधी पाळावे आणि कधी पाळू नये यावर बोलतो, आणि शेवटी वाट सुचवतो:

त्वमित्यत्रभवन्तं त्वं ब्रूहि पार्थ युधिष्ठिरम्।
त्वमित्युक्तो हि निहतो गुरुर्भवति भारत॥

वडीलधाऱ्याला 'त्वम्' म्हटले की त्याचा वध झाल्यासारखेच आहे, म्हणून तू युधिष्ठिराला 'त्वम्' म्हण, म्हणजे व्रतही पाळले जाईल आणि भाऊही वाचेल. मराठीत ज्याला आपण 'एकेरीवर येणे' म्हणतो, तेच इथे वधाच्या जागी ठेवले आहे.

काही वर्षांपूर्वी दादरच्या एका वाचनमंडळासाठी मी हा अध्याय मराठीत केला, तेव्हा तुमच्यासारखाच विचार करून सगळीकडे 'तू' ठेवले होते. मुंबईतल्या आजच्या घरांत थोरल्या भावाला 'दादा, तू' असेच म्हणतात, कित्येक घरांत वडिलांनाही 'ए बाबा' म्हणतात, म्हणून ते मला नैसर्गिकही वाटले होते. वाचन संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एका आजींनी विचारले, ''पण यात अपमान कुठे झाला? तो तर आधीपासूनच 'तू' म्हणत होता.'' त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. माझ्या अनुवादात अर्जुनाला खाली उतरायला पायरीच उरली नव्हती, आणि कृष्णाची सूचना ऐकणाऱ्याला निरर्थक वाटत होती.

मूळ संस्कृतात ही अडचण का येत नाही, हे समजून घ्यायला हवे. संस्कृतात 'त्वम्' हा स्वतः अपमानाचा शब्द नाही. आदर दाखवायला 'भवान्' आहे, त्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनात येते ('भवान् गच्छतु'), आणि त्याहून औपचारिक 'अत्रभवान्', 'तत्रभवान्' आहेत. गुरूसाठी 'युष्मद्'चे बहुवचन काहींच्या मते चालते, असे काशिकावृत्ती नोंदवते आणि उदाहरण देताना 'त्वं मे गुरुः, यूयं मे गुरवः' अशी दोन्ही वाक्ये शेजारी ठेवते. म्हणजे गुरूला 'त्वम्' म्हणणारे वाक्यही निर्दोष आहे. तरीही मुद्दाम, तोंडावर केलेला 'त्वंकार' मात्र दोष मानला जातो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मोठ्यांना 'त्वम्' म्हटल्याबद्दल प्रायश्चित्त सांगितले आहे: स्नान करावे, उरलेला दिवस उपाशी राहावे आणि पाया पडून त्यांना प्रसन्न करून घ्यावे. एकच शब्द एरवी साधा असतो आणि विशिष्ट प्रसंगी घाव घालतो, आणि हे ऐकणाऱ्याला संदर्भावरून, संबोधनावरून कळते. मराठी 'तू'ला इतकी लवचीकता नाही. तो जवळिकीचा असतो किंवा तुच्छतेचा असतो (देवाला आणि आईला 'तू' म्हणतो ते पहिल्या प्रकारातले), पण दोघांच्या मधला निव्वळ व्याकरणापुरता 'तू' आपल्याकडे नाही. म्हणून 'त्वम्' बरोबर 'तू' हे समीकरण शब्दकोशात बरोबर असले, तरी संवादात ते चुकीचा अर्थ देते. धर्मराजाला 'तुम्ही' म्हणणे ही माझ्या मते पदरची भर नसून, संस्कृतात संदर्भाने कळणारी गोष्ट मराठीच्या व्याकरणाने सांगणे आहे.

दुसऱ्या खर्ड्यात मी असे केले. अर्जुन युधिष्ठिराशी एरवी नेहमी 'तुम्ही'त बोलेल, कारण तो थोरला भाऊ असला तरी राजाही आहे. 'आपण' मात्र मूळात 'भवान्' किंवा 'अत्रभवान्' स्पष्ट आले असेल तिथेच वापरायचे. युधिष्ठिर अर्जुनाला 'तू' म्हणेल, आणि अर्जुन व कृष्ण एकमेकांना 'तू'च म्हणतील, कारण ते सखे आहेत. मग कृष्णाचा श्लोक असा झाला: ''पार्था, ज्यांना 'आपण' म्हणायचे त्या युधिष्ठिरांना आज 'तू' म्हण. भारता, वडीलधाऱ्याला 'तू' म्हटले की त्याचा वधच झाला.'' इथे 'गुरु' म्हणजे शिक्षक नव्हे, म्हणून 'वडीलधारा' घेतला. मूळात एका ओळीत दोन 'त्वम्' आहेत, एक उच्चारायचा आणि एक खुद्द अर्जुनाला उद्देशून, आणि त्यांच्यामध्ये 'अत्रभवन्तम्' ठेवलेले आहे. मराठीत तो ताण अवतरणचिन्हांतल्या दोन सर्वनामांनी राखता येतो.

यानंतर अर्जुन बोलू लागतो. रणापासून कोसभर दूर असलेल्याने मला बोल लावू नयेत, तो अधिकार भीमाचा आहे, असे म्हणत तो द्यूतापर्यंत येतो: 'त्वं देविता त्वत्कृते राज्यनाशः'. संस्कृतात सर्वनाम बहुधा गाळता येते, म्हणून ते असे पुन्हापुन्हा आले की मुद्दाम आलेले असते. मी लिहिले: ''जुगारी तू. तुझ्यापायी राज्य गेले.'' पहिल्या वाक्यात 'तू' शेवटी ठेवला, कारण 'तू जुगारी आहेस' हे नुसते विधान वाटते. पहिल्या खर्ड्यातही शब्द जवळजवळ हेच होते. फरक एवढाच पडला, की आता त्यांच्या आधी चार पाने 'तुम्ही' होते.

संबोधनाने मात्र मला बराच वेळ अडवले. हे सगळे कडू बोलत असतानाही अर्जुन 'राजन्', 'नरेन्द्र' म्हणतच राहतो. मराठीत 'राजा, तू' लिहिले की लाडाने बोलल्यासारखे वाटते, कारण आपण लेकरालाही 'माझ्या राजा' म्हणतो. 'महाराज, तू' हे तर मराठी कानाला सहनच होत नाही. म्हणून मी 'राजन्' हे तत्सम रूपच दोन्ही ठिकाणी ठेवले, 'तुम्ही'च्या सोबतही आणि 'तू'च्या सोबतही. ते मराठीत कोणत्याच पातळीला बांधलेले नाही, हाच त्याचा उपयोग.

शेवटी अर्जुन क्षमा मागतो, तेव्हा ओळ अशी येते: 'प्रसीद राजन् क्षम यन्मयोक्तं काले भवान्वेत्स्यति तन्नमस्ते'. 'भवान्' परत आला आहे. पण 'प्रसीद' आणि 'क्षम' ही द्वितीय पुरुषी एकवचनी रूपे आहेत, आणि 'नमस्ते'तला 'ते' म्हणजे 'तुला'. पाया पडणारा माणूस एकाच ओळीत दोन्ही वापरतो आहे. असे मिश्रण संस्कृतात सर्रास आढळते, आणि शब्दागणिक सर्वनाम बदलण्याची पद्धत इथे कोसळते. अशा वेळी संपूर्ण उद्गाराची पातळी ठरवावी आणि ती शेवटपर्यंत धरावी. माझे रूप असे आहे: ''प्रसन्न व्हावे, राजन्. मी जे बोललो त्याची क्षमा असावी. वेळ येईल तेव्हा आपल्याला सारे कळेल. आपल्याला माझा नमस्कार.''

'आपण' वापरताना एक काळजी घ्यावी लागते. त्याचा दुसरा अर्थ 'तू आणि मी दोघे' असा आहे, आणि दोहोंतला फरक क्रियापदाच्या शेवटावर अवलंबून असतो: 'आपण आलात' म्हणजे समोरचा, 'आपण आलो' म्हणजे सगळे. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात हा आधार डळमळतो. 'आपण राज्य पणाला लावलेत' यातला 'त' हल्ली बोलण्यात सहज गळतो, आणि 'आपण राज्य पणाला लावले' असे झाले की दोष कोणाचा हेच कळत नाही. पाच भावांच्या कथेत ही संदिग्धता परवडत नाही, म्हणून तो 'त' मी कटाक्षाने लिहितो.

निवेदनातला आदर ही संवादाहून वेगळी गोष्ट आहे, आणि ती संवादाशी जुळवण्याची गरज नाही. मूळात सगळ्यांनाच 'उवाच' आहे. मराठी परंपरेत भीष्म, द्रोण 'म्हणाले', युधिष्ठिर, अर्जुन 'म्हणाला', कुंती 'म्हणाली', आणि हे मराठी वाचकाच्या कानात इतके मुरले आहे की मी ते मोडत नाही. 'गांधारी म्हणाल्या' हे एखाद्या सभेच्या वृत्तांतासारखे ऐकू येते. अर्जुन 'तुम्ही' म्हणतो म्हणून निवेदकाने 'युधिष्ठिर उठले' लिहिलेच पाहिजे असे नाही. मात्र एकदा ठरवले की ढळू नये. चूक बहुधा 'ने' आणि 'नी' यांत लपते, कारण सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जाते आणि कर्त्याचा आदर फक्त त्या प्रत्ययात उरतो. 'युधिष्ठिरांनी ते बोल ऐकले आणि तो बिछान्यावरून उठला' असे वाक्य माझ्याच हातून सुटले होते. हस्तलिखितात 'युधिष्ठिरांनी' शोधून प्रत्येक ठिकाणी पुढचे अकर्मक क्रियापद तपासले, तेव्हा अशी आणखी तीन वाक्ये सापडली.