मोठ्या अहवालाच्या सारांशात निर्णय आधी कसा मांडावा?

प्रश्न: सत्तर पानांचा अहवाल तयार आहे. प्रत्येक प्रकरणातून दोन-तीन वाक्यं घेऊन एक्झिक्युटिव्ह समरी लिहिली, तरी बैठकीत साहेबांनी पहिलंच विचारलं, "मग आम्ही नेमकं करायचं काय?" कुठे चुकतंय?

उत्तर:

प्रकरणांच्या क्रमाने सारांश लिहिला की तो तुमच्या कामाचा क्रम होतो: समिती नेमली, माहिती गोळा केली, पर्याय तपासले आणि शेवटी शिफारस. वाचणाऱ्याला मात्र शिफारस आधी हवी असते. ती पटतेय की नाही हे ठरवण्यापुरतंच त्याला बाकीचं लागतं.

आमचा एक अहवाल सांगतो. कारखान्यातल्या एअर कॉम्प्रेसरवर ६८ पानं होती. मी केलेल्या सारांशाची सुरुवात अशी: "सदर अहवालात कॉम्प्रेसर यंत्रणेच्या सद्यस्थितीचा सविस्तर आढावा घेण्यात आला असून विविध पर्यायांचे तुलनात्मक विश्लेषण करण्यात आले आहे." माझ्या वरिष्ठ मॅडमनी त्यावर पेन्सिलने रेघ मारली आणि म्हणाल्या, "हे वाक्य तुम्ही अभ्यास सुरू करायच्या आधीही लिहू शकला असतात." तेव्हापासून हीच माझी चाळणी आहे. अभ्यास न करता जे वाक्य लिहिता आलं असतं, ते सारांशात ठेवत नाही. तुमच्या मसुद्यावर ही चाळणी लावून बघा. पहिला परिच्छेद बहुधा सगळाच जाईल.

मग आम्ही सुरुवात अशी केली:

"कॉम्प्रेसर क्र. २ बदलण्यास ३० जूनपर्यंत मंजुरी हवी आहे. नवीन यंत्र येण्यास १४ आठवडे आणि बसवण्यास ३ आठवडे लागतात. सध्याचा देखभाल करार ३१ ऑक्टोबरला संपतो. गेल्या वर्षभरात हे यंत्र ११ वेळा बंद पडले व उत्पादन ९० तास थांबले. दुरुस्ती करत राहिल्यास चार वर्षांतील खर्च नव्या यंत्राच्या किमतीइतका होतो. निर्णय लांबल्यास जुन्याच यंत्राचा करार आणखी एक वर्ष वाढवावा लागेल."

यातली ३० जून ही तारीख बघा. ती आम्ही घाई करायला टाकलेली नव्हती. ३१ ऑक्टोबरपासून १७ आठवडे मागे मोजले की ४ जुलै ही तारीख येते. तारखेचा हिशोब शेजारीच दिसला की "पुढच्या बैठकीत बघू" म्हणण्याआधी माणूस थांबतो. नुसतं "लवकरात लवकर" लिहिलं असतं, तर फाईल तशीच पडून राहिली असती.

"निर्णय लांबल्यास" हे वाक्य बरेच जण गाळतात, कारण ते धमकी दिल्यासारखं वाटतं. पण काहीच न करणं हाही वरिष्ठांपुढचा एक पर्याय असतो आणि त्याची किंमत त्यांना कळायला हवी. ती सरळ, विशेषणं न लावता लिहा.

त्याच पानावर, तळाला नाही तर कारणांच्या लगेच खाली, अहवालाची कच्ची बाजू लिहा. आमच्याकडे वीजवापराच्या नोंदी पाचच महिन्यांच्या होत्या. म्हणून आम्ही लिहिलं, "वीजबचतीचा अंदाज ५ महिन्यांच्या नोंदींवर आधारित असल्याने तो शिफारशीच्या कारणांत धरलेला नाही." हे परिशिष्टात दडवलं असतं आणि बैठकीत कुणाला सापडलं असतं, तर उरलेल्या आकड्यांवरचाही विश्वास गेला असता.

बाकी पर्यायांना एकेक वाक्य पुरतं: का नाकारला, एवढंच. पार्श्वभूमी वरिष्ठांना माहीत असते. नसेल तर दोन ओळी. एकूण एक पान. आणि अहवालात निर्णय मागायचाच नसेल तर तसं पहिल्या ओळीत लिहा, "केवळ माहितीसाठी, मंजुरी नको". म्हणजे वाचणारा प्रश्न शोधत बसत नाही.

लिहून झालं की विषय माहीत नसलेल्या सहकाऱ्याला फक्त पहिला परिच्छेद द्या आणि विचारा, सही कुणी, कशावर, कधीपर्यंत करायची? त्याने मान वर करून तुमच्याकडे पाहिलं, तर परिच्छेद पुन्हा लिहायचा.

शेवटची तपासणी आकड्यांची. सारांश आधी लिहिला जातो आणि आतली पानं शेवटच्या रात्रीपर्यंत बदलत असतात. आमच्या सारांशात ९० तास होते, पान ३४ वर नव्या मोजणीनुसार ८४ झाले होते. छपाईच्या आधी सापडलं म्हणून बरं, नाहीतर बैठक त्या सहा तासांवरच गेली असती. आता मी सारांशातल्या प्रत्येक आकड्यापुढे कंसात पान क्रमांक लिहितो आणि अहवाल पाठवण्याच्या दिवशी ती पानं उघडून एकेक आकडा ताडून बघतो.