उसाची एक ट्रक, तोडणी-वाहतूक आणि हातात पडणारे पैसे

प्रश्न : साहेब, माझ्या एका ट्रकचं वजन 17 टन 380 किलो भरलं. एफआरपी 3550 म्हणतात, माझ्या बिलावर दर 2818 लावलाय. तोडणी-वाहतुकीचे टनाला 905 कापलेत. माझं शेत कारखान्यापासून 12 किलोमीटरवर. एवढ्याशा अंतराला 905 कसे? आणि बेरीज-वजाबाकीही जुळत नाही. – एक ऊस उत्पादक, निफाड तालुका

उत्तर : आधी न जुळणारी वजाबाकी बघू, कारण तिथेच बिलाची किल्ली आहे. 3550 मधून 905 गेले तर 2645 उरायला हवेत. तुम्हाला त्यापेक्षा 173 रुपये जास्त लागले आहेत. हे कारखान्याने खुशीने दिलेले नाहीत, ते उताऱ्याचे आहेत.

2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेला क्विंटलला 355 रुपये, म्हणजे टनाला 3550 हा दर 10.25 टक्के साखर उताऱ्याला आहे. उतारा त्याच्या वर गेला की दर 0.1 टक्क्याला क्विंटलमागे 3 रुपये 46 पैसे, म्हणजे टनाला 34 रुपये 60 पैसे वाढतात. तुमचे 173 भागिले 34.60 केले की बरोबर 5 येतात. म्हणजे कारखान्याने उतारा 10.75 टक्के धरला आणि एफआरपी 3723 रुपये काढली. त्यातून 905 वजा केले की 2818. ट्रकचा हिशोब मग सरळ आहे : 17.380 गुणिले 2818, म्हणजे 48,976 रुपये 84 पैसे. आकडेमोड चुकलेली नाही.

हा उतारा तुमच्या उसाचा नसतो, तुमच्या ट्रकचा तर नसतोच. तो अख्ख्या कारखान्याचा सरासरी उतारा असतो. शेजाऱ्याने हिरवं वाढं न छाटता ऊस घातला आणि तुम्ही स्वच्छ मोळ्या दिल्या, तरी दोघांना दर एकच. शिवाय दर काढताना साधारणपणे मागच्या हंगामाचा उतारा धरतात, कारण चालू हंगामाचा उतारा गाळप संपल्यावरच कळतो आणि पैसे तर 14 दिवसांत द्यायचे असतात. कारखान्याचा मागच्या वर्षीचा उतारा 10.75 च होता का, एवढं एकदा विचारून घ्या. इथॅनॉलसाठी मळी किंवा रस वळवला असेल तर गोदामात साखर कमी दिसते. ती घट उताऱ्यात परत मिळवायची असते आणि किती मिळवायची याचा दाखला मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट देते. नुसत्या साखरपोत्यांवरून उतारा धरला तर शेतकऱ्याचं नुकसान होतं.

आता 905 कडे येऊ. इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. एफआरपी हा कारखान्याच्या गेटवर पोचलेल्या उसाचा दर आहे, शेतातल्या उभ्या उसाचा नाही. ऊस तोडून गेटपर्यंत आणण्याचा खर्च शेतकऱ्याचा, असं गणित कायद्यात आहे. आपल्याकडे टोळी आणि गाडी कारखाना लावतो, म्हणून तो ती रक्कम बिलातून कापून घेतो. इथपर्यंत कारखान्याची बाजू बरोबर आहे.

पण कापतो ती तुमच्या ट्रकची नव्हे. हंगामात सगळ्या उसाच्या तोडणीवर आणि वाहतुकीवर झालेला एकूण खर्च आणलेल्या एकूण टनांनी भागतात आणि ती सरासरी सगळ्यांना लावतात. तुमच्या 905 ची साधारण फोड करून बघा. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ होऊन तो टनाला 366 रुपयांच्या आसपास गेला आणि मुकादमाचं कमिशन 20 टक्के झालं. 366 वर 20 टक्के म्हणजे 73 रुपये 20 पैसे, एकूण 439 रुपये 20 पैसे. हा खर्च 12 किलोमीटरवाल्याला आणि 60 किलोमीटरवाल्याला सारखाच. राहिले सुमारे 466 रुपये, ती वाहतूक. तुमच्या अंतराला टनामागे एवढी वाहतूक लागत नाही, हे तुम्ही नेमकं ओळखलं आहे. कारखान्याने कार्यक्षेत्राबाहेरून, लांबून गेटकेन आणला की सरासरी फुगते आणि तो भार कारखान्याजवळच्या शेतकऱ्याच्या बिलात येऊन पडतो. माझ्या मते या पद्धतीत जवळच्या माणसावर अन्याय होतो. तुमच्या कारखान्यानेच मुद्दाम काही केलं, असं मात्र यावरून म्हणता येणार नाही.

म्हणून भांडण 12 किलोमीटरवर नको, 905 च्या आकड्यावर करा. हा खर्च प्रत्यक्ष झालेला आणि लेखापरीक्षणात टिकणारा हवा. शेतकी विभागाकडे लेखी अर्ज देऊन चार गोष्टींची फोड मागा : तोडणी किती, कमिशन किती, वाहतूक किती आणि वाहतुकीचं सरासरी अंतर किती. उत्तरात ‘इतर’ म्हणून मोठी रक्कम दिसली तर तिथे थांबा. एखादा मुकादम लाखोंची उचल घेऊन टोळीसकट गायब होतो, हे दरवर्षीचं आहे. ती बुडीत उचल किंवा शेतकी विभागाचे पगार तोडणी-वाहतुकीत घातले असतील तर तो तुमच्या उसाचा तोडणी खर्च नाही, हरकत घ्या. सभासद असाल तर वार्षिक अहवालात एकूण खर्च आणि एकूण गाळप दोन्ही छापलेलं असतं. भागाकार घरीच करून बघा. साखर आयुक्तालयाने मागच्या काही हंगामांत कारखानानिहाय तोडणी-वाहतूक खर्चाच्या याद्या हंगामाआधी जाहीर केल्या आहेत. नोंद कुठे द्यायची हे ठरवताना नुसती एफआरपी बघू नका, त्यातून हा खर्च वजा करून दोन कारखान्यांची तुलना करा. एफआरपीत शंभर रुपये मागे असलेला कारखाना हातात जास्त पैसे देतो, असं खूपदा निघतं.

दुसरा मार्ग म्हणजे स्वतःच्या तोडणी-वाहतुकीने ऊस गेटवर नेऊन पूर्ण 3723 मागणे. गावात टोळी आणि ट्रॅक्टर मिळून टनाला 700 रुपयांत काम झालं, असं धरा. मग टनामागे 205 वाचतात, आणि 17.380 टनाला 3,562 रुपये 90 पैसे. पण आधी शेतकी विभागाची लेखी संमती आणि तोडीची तारीख घ्या. संमती नसताना ऊस तोडला तर गाडी यार्डात अडकते, ऊस वाळतो, वजन घटतं आणि वाचलेले पैसे तिथेच जातात. एका ट्रकसाठी हा उद्योग करू नका, सगळा प्लॉट एकदम जाणार असेल तरच बघा.

बिलात तोडणी-वाहतुकीच्या खाली आणखी ओळी असतील तर त्याही तपासा. सोसायटीच्या कर्जाची वसुली, कारखान्याकडून उधार घेतलेलं बेणं-खत, यांना तुमची सही किंवा करार असतो. तुम्ही सही न दिलेली ठेव, देणगी, वर्गणी एफआरपीतून कापली असेल तर ती परत मागता येते. ऊस जळीत असेल तर वजावट वेगळी लागते, तिचा शेरा वजन पावतीवर आहे का ते बघा. शेरा नसेल तर कपात कशाच्या आधारावर केली हे विचारायचा तुमचा हक्क आहे.

तारखेचंही लक्षात ठेवा. ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. समजा 8 जानेवारीला काटा झाला, म्हणजे 22 जानेवारीपर्यंत पैसे यायला हवेत. ते 21 फेब्रुवारीला आले तर 30 दिवसांचं व्याज तुमच्या या ट्रकवर सुमारे 604 रुपये होतं. कारखाना ते आपणहून जमा करत नाही, मागावं लागतं. ‘पहिली उचल घ्या, बाकी हंगामानंतर बघू’ असं कोणी सांगितलं तर हप्त्यांनी एफआरपी देण्याचा राज्याचा 2022 चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केला, हे सांगा.

प्रश्न : तोडणी बिलात कापतातच, मग टोळी एकरामागे खुशाली आणि ड्रायव्हर प्रत्येक खेपेला एंट्री मागतो ती कशाची? नाही दिली तर गाडी लागत नाही. शिवाय ट्रक बाहेर तोलून नेला तर कारखान्याचा काटा कमी दाखवतो. – एक शेतकरी, सिन्नर तालुका

उत्तर : खुशाली आणि एंट्रीला कुठलाच आधार नाही. टोळीची मजुरी आणि ड्रायव्हरचं भाडं तुमच्या बिलातून आधीच गेलेलं असतं. वर रोख दिलेत की तोच खर्च दोनदा होतो, आणि तो बिलात दिसत नसल्यामुळे सरासरीतही कुठे धरला जात नाही. व्यवहारात अडचण ही की शेवटी ऊस उभा राहतो तो तुमचा. एकट्याने नकार देण्यापेक्षा एकाच टोळीच्या कार्यक्रमातल्या पाच-सहा जणांनी मिळून गट ऑफिसला अर्ज द्या. त्यात टोळी क्रमांक, गाडी क्रमांक, तारीख आणि मागितलेली रक्कम लिहा. फोन पेने पैसे दिले असतील तर त्याची नोंद जोडा. अशी रक्कम कारखाना ठेकेदाराच्या बिलातून वसूल करून देऊ शकतो.

वजनाच्या बाबतीत, बाहेर तोलायला कोणी अडवू शकत नाही. पण दोन्ही काट्यांवर भरलेलं आणि रिकामं अशी दोन्ही वजनं करा. बाहेर फक्त भरलेली गाडी तोलून कारखान्याच्या निव्वळ वजनाशी ताडली तर तुलनेला अर्थ नाही. दोन्ही वेळा ड्रायव्हर-क्लीनर गाडीत आहेत की खाली, हेही बघा, 150 किलोचा फरक तिथेच पडतो. गाडी यार्डात दीड-दोन दिवस उभी राहिली असेल तर ऊस वाळून घट येते, मार्च-एप्रिलमध्ये ती चांगलीच जाणवते. तशी घट काट्याची चोरी नव्हे, पण गाडी का रखडली हे विचारता येतं. दोन्ही काटे काही तासांच्या अंतराने झाले आणि तरी दोन-तीन क्विंटलचा फरक प्रत्येक खेपेला एकाच बाजूला येत असेल तर दोन्ही पावत्या घेऊन वैधमापनशास्त्र विभागाकडे आणि तहसीलदारांकडे जा. काटा तपासणीच्या भरारी पथकात त्यांचीच माणसं असतात.

दर, कपात आणि व्याजाची तक्रार आमच्या कृषी कार्यालयात नोंदवता येत नाही. ती अहिल्यानगरच्या प्रादेशिक सहसंचालक (साखर) कार्यालयाकडे करायची, नाशिक जिल्हा त्यांच्याकडे येतो. अर्जासोबत वजन पावती, बिल आणि पैसे जमा झाल्याची तारीख दिसेल असं पासबुकाचं पान जोडा. बिलाची छापील प्रत कारखाना देत नसेल तर आधी तिचीच मागणी लेखी करा, पोच घ्या आणि ती पोचही जोडा.